मुलाखतीला न आलेल्या उमेदवाराला काय लिहावे

ठरलेल्या मुलाखतीला उमेदवार न कळवता आला नाही, की बहुतेक कंपन्यांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर त्याचे नाव मुकाट्याने यादीतून कापले जाते, नाहीतर रागाच्या भरात ‘आमचा वेळ फुकट गेला’ असा मेसेज जातो. मला या दोन्ही गोष्टी मनापासून खटकतात. त्याच दिवशी एक छोटा, स्पष्ट संदेश जावा, त्यात एकदाच नवी वेळ आणि उत्तराची मुदत द्यावी, आणि मुदत उलटल्यावर तितक्याच सभ्यपणे विषय बंद करावा, असे चाकणच्या एका कारखान्यात भरतीचे काम करताना माझे ठाम मत झाले आहे.

आमच्याकडे क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी एका उमेदवाराला शनिवारी सकाळी ११ ची वेळ दिली होती. मुलाखत घेणारे मॅनेजर लाइनवरचे काम सोडून येऊन बसले होते. सव्वाअकरा वाजले तरी कोणी आले नाही. फोन लावला, तर तो बंद. “सोडून द्या, दुसरा बघा,” असे साहेब म्हणाले, आणि त्यांचा वैताग रास्तच होता. मी आधी पाठवलेल्या निमंत्रणातील तारीख, वेळ, पत्ता आणि मोबाइल नंबर पुन्हा तपासला. सर्व बरोबर होते. मात्र बायोडेटानुसार उमेदवार सध्या भोसरीच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करत होता. अनेक कारखान्यांत मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, आणि पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाही तर आधीच्याला थांबवून घेतात, हे या पट्ट्यात काम करणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

दुपारी बाराच्या सुमारास हा संदेश व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हींवर पाठवला:

“नमस्कार. आज सकाळी ११ वाजता क्वालिटी इन्स्पेक्टर पदासाठी आपली मुलाखत ठरली होती. आम्ही आपली वाट पाहिली व फोनही केला, परंतु संपर्क होऊ शकला नाही. काही अडचण आली असल्यास समजू शकतो. मुलाखत देण्याची इच्छा असल्यास मंगळवारी दुपारी ४ किंवा बुधवारी सकाळी ११ यांपैकी सोयीची वेळ सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत कळवावी. आता इच्छा नसल्यास तसे कळवले तरी चालेल. सोमवारपर्यंत उत्तर न आल्यास आपला अर्ज पुढे नेता येणार नाही.”

यात ‘आपण आला नाहीत’ असे कुठेही नाही. काय ठरले होते आणि काय झाले, एवढेच आहे. कारण विचारलेले नाही, कारण विचारले की माणूस एक तर खोटे कारण रचतो, किंवा संकोचून गप्प बसतो. ‘केव्हाही या’ असेही लिहिलेले नाही, कारण मॅनेजरांना पुन्हा लाइनवरून उठवायचे तर वेळ आधी पक्की हवी. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ‘इच्छा नसल्यास’ हे वाक्य. नोटीस पिरियडवर असलेल्या माणसाच्या हातात कधी कधी दुसरी ऑफर असते, किंवा जुन्याच कंपनीने पगार वाढवून त्याला थांबवलेले असते; नाही म्हणणे अवघड वाटते म्हणून तो फोन टाळतो. त्याला नकाराची वाट मोकळी करून दिली, की एका ओळीत उत्तर येते आणि आपल्यालाही पुढच्या उमेदवाराला बोलावता येते.

साडेतीननंतर उत्तर आले. रात्रपाळी सकाळी ७ ला संपायची होती, पण बदली माणूस न आल्याने त्याला दुपारी ३ पर्यंत थांबवले होते आणि मोबाइल गेटवर होता. आम्ही पुरावा मागितला नाही. मंगळवारी ४ वाजता मुलाखत झाली, आणि ती त्याच्या कामाच्या ज्ञानावर झाली, शनिवारच्या गैरहजेरीवर नाही.

प्रत्येकाला दुसरी वेळ द्यावीच, असे मात्र मी म्हणणार नाही. जागा भरली असेल, किंवा उमेदवाराने आधीच एकदा वेळ बदलून घेतली असेल, तर थेट समारोपाचा संदेश पाठवावा. दुसऱ्या वेळीही तो न आल्यास किंवा मुदतीत उत्तर न आल्यास हाच संदेश जातो:

“नमस्कार. या पदासाठीचा आपला अर्ज आम्ही आज बंद करत आहोत. पुढे दुसऱ्या जागेसाठी अर्ज करायचा झाल्यास अवश्य करावा. धन्यवाद.”

‘आपला बायोडेटा आमच्याकडे राहील, योग्य संधी आल्यास कळवू’ हे वाक्य मी त्यात घालत नाही, कारण तसे कळवायचे नसते हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते आणि वाचणाऱ्यालाही. नोंदीतही ‘बेजबाबदार’ असा शेरा नको. ‘मुलाखतीस अनुपस्थित, संदेश पाठवला, उत्तर नाही’ एवढेच तारखेसह लिहावे, म्हणजे वर्षभराने त्याच माणसाचा अर्ज आला तर तो उघडणाऱ्याच्या मनात आधीच अढी बसणार नाही.