महिनाभराच्या सुटीचा मजकूर

पाककृतींच्या चॅनलला महिनाभर सुटी देणे फारसे कठीण नाही, कारण त्यासाठी काहीच करावे लागत नाही. पण ती सुटी प्रेक्षकांना कळवणारा चार-पाच ओळींचा मजकूर लिहायला बसले, तेव्हा त्यापेक्षा भर उन्हात पुरण वाटणे परवडले असे मला वाटू लागले. सुटीचे कारण अगदी साधे होते. इंदूरच्या मे महिन्यात चित्रीकरण करायचे म्हणजे पंखा बंद ठेवावा लागतो, कारण त्याच्या वाऱ्याने गॅसची ज्योत फडफडते आणि कॉलरला लावलेल्या माइकमध्ये घरघर शिरते. एक्झॉस्टचीही तीच गत. अशा बंद स्वयंपाकघरात कढईसमोर हसतमुख उभे राहून ‘आता मंद आचेवर छान परतून घेऊ या’ असे म्हणताना घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबतो, आणि तो पदराने टिपला की तेवढा भाग पुन्हा चित्रित करावा लागतो.

मजकुराचा पहिला मसुदा आमच्या यजमानांनी केला. ते बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे रजा या विषयातील आपला अधिकार कोणी नाकारणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ‘सर्व सन्माननीय प्रेक्षकांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, गेली अनेक वर्षे आपल्या सेवेत अखंड कार्यरत असलेल्या आपल्या लाडक्या काकू...’ अशी त्याची सुरुवात होती. पुढे दोन परिच्छेद ऋणनिर्देश, आणि अगदी शेवटी तारखा. कागदावर ते सारे भारदस्त वाटत होते. अडचण अशी की अशी पोस्ट फोनवर पूर्ण दिसत नाही. सुरुवातीच्या काही ओळी दिसतात आणि उरलेले सगळे ‘अधिक वाचा’ या दोन शब्दांच्या मागे जाते. पुतण्याने तो मजकूर नमुन्यादाखल फोनवर उघडून दाखवला, तेव्हा ‘आपल्या लाडक्या काकू’ येथेच वाक्य तुटले होते आणि वर छोट्या गोलात नऊवारी नेसलेला माझा प्रसन्न फोटो होता. फक्त हार तेवढा घालायचा राहिला होता.

म्हणजे पहिल्या दोन ओळींतच कधीपासून, कधीपर्यंत आणि पुन्हा कधी, हे तिन्ही यायला हवे. ऋणनिर्देशाला नंतर हवी तेवढी जागा आहे. यजमानांना हे पटायला वेळ लागला. ‘अगं, पण एकदम तारीखच? नमस्कार-चमत्कार काही नको?’ असे ते दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांपर्यंत विचारत राहिले.

त्यानंतर धीराच्या वाक्याची पाळी आली. मी लिहिले, ‘काळजी करण्यासारखे काहीही नाही.’ सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘काय झालंय गं तुला? मला तरी खरं सांग.’ सासूबाई जे घरात बोलल्या, तेच उद्या शेकडो लोक बोलणार हे उघड होते. ज्याला कसली शंकाही आली नव्हती, त्याला हे वाक्य पहिल्यांदा शंका पुरवते. पुतण्याने त्यात ‘मी लवकरच परत येईन’ अशी भर सुचवली. परंतु परतण्याची तारीख न देता ‘लवकरच’ लिहून गेलेली कितीतरी चॅनले पुढे उघडलीच नाहीत, हे प्रेक्षक पुरते ओळखून आहेत. शेवटी मी आधी कारण लिहिले आणि त्याच्या पाठोपाठ घरची खुशाली जोडली. सुटी उन्हाळ्यामुळे आहे हे एकदा कळले, की ‘घरी सगळे ठीक आहेत’ हे शब्द साध्या बातमीसारखे वाचले जातात.

तारखेच्या बाबतीतही घरात दोन पक्ष पडले. सुटी 31 मे रोजी संपणार, म्हणून ‘1 जूनपासून पुन्हा भेटू’ असे लिहावे, हा यजमानांचा आग्रह होता. पण 1 जूनला सुरू होणार ते माझे काम. व्हिडिओ त्या दिवशी कोठून येणार? सामान आणणे, एक पूर्ण दिवस चित्रीकरण, मग पुतण्याच्या सवडीनुसार दोन-तीन संध्याकाळी संकलन, आणि ते चालू असताना कोथिंबीर टाकल्याचा तुकडाच सापडत नाही असे एकदा तरी होतेच. प्रेक्षकांना माझी हजेरी नको असते, त्यांना व्हिडिओ हवा असतो. म्हणून जाहीर करायची ती व्हिडिओची तारीख, तीही आठवडाभर सैल धरून. आम्ही रविवार, 7 जून ठरवला.

‘सहकुटुंब पुण्यास प्रस्थान’ हे यजमानांचे लाडके वाक्य मात्र मी काही न बोलता खोडले. आमची पितळी भांडी कोणत्या फळीवर असतात, हे प्रेक्षकांना आमच्यापेक्षा नीट माहीत आहे. त्यांना घर कधी रिकामे असेल हेही कळवण्याची गरज नव्हती.

‘महिनाभर काही टाकले नाही तर यूट्यूब आपले उत्पन्न बंद करेल’ ही यजमानांची पुढची भीती. नियम असा आहे की सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ व्हिडिओही टाकला नाही आणि पोस्टही लिहिली नाही, तर उत्पन्न बंद केले जाऊ शकते. एका महिन्याने तसे होत नाही. खरा प्रश्न दरमहा पैसे भरून सदस्य झालेल्या मोजक्या मंडळींचा होता, कारण आमची सुटी असली तरी त्यांच्या खात्यातून रक्कम जाणारच. केवळ सदस्यांना दिसेल अशी वेगळी पोस्ट लिहून मी त्यांना सांगितले की मे महिन्यात सदस्यांचा थेट कट्टा होणार नाही, पैसे मात्र कापले जातील आणि ज्यांना ते नको असेल त्यांनी आपले सदस्यत्व निःसंकोच रद्द करावे. यजमानांनी हे वाचून कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकाला खाते बंद करण्याचा रस्ता आपण होऊन दाखवणे, हे त्यांच्या बँकेत कधी घडले नव्हते.

सरतेशेवटी सर्वांसाठीचा मजकूर असा झाला:

‘1 मे ते 31 मे या काळात नवे व्हिडिओ येणार नाहीत. पुढचा व्हिडिओ रविवार, 7 जून रोजी सकाळी 11 वाजता. उन्हाळ्यात चित्रीकरण थांबवत आहोत. घरी सगळे ठीक आहेत. कैरीचे जुने व्हिडिओ “लोणची आणि मुरांबे” या यादीत एकत्र ठेवले आहेत. या महिन्यात प्रतिक्रियांना उत्तरे देता येणार नाहीत. लोभ असावा.’

कैरीची ओळ सर्वांत उपयोगी ठरली, कारण मे महिन्यात लोक खरे म्हणजे मला शोधत नसून एक किलो फोडींना मीठ किती, हे शोधत असतात. अशी पोस्ट प्रत्येक प्रेक्षकाला दिसतेच असे नाही, म्हणून त्याच तारखा मी एप्रिलच्या शेवटच्या व्हिडिओच्या अखेरीस तोंडानेही सांगितल्या. प्रतिक्रियाही समजूतदार आल्या. ‘ताई, आराम करा’, ‘7 जूनला पुरणपोळी हवी’, आणि एका गृहस्थांचे नुसतेच ‘बरं’.

सगळे सुरळीत पार पडले असे वाटत असताना सासूबाई रामबागेतल्या आपल्या भजनी मंडळात गेल्या आणि कोणी काही विचारण्याआधीच त्यांनी सर्वांना सांगितले, की सूनबाईची प्रकृती उत्तम आहे, उगाच कोणी काळजी करू नये. संध्याकाळी दोघीजणी मुगाची खिचडी आणि शहाळे घेऊन दारात उभ्या होत्या.