पत्र्याच्या चुंबकी क्षेत्रातला तो ‘अर्धा’ येतो कुठून?

वाचकाची प्रतिक्रिया: “लेख वाचला, पटला नाही. तारेचं क्षेत्र अंतराबरोबर घटतं आणि तुमचा अनंत पत्रा म्हणजे तारांचीच रांग. मग पत्र्यापासून कितीही लांब गेलं तरी क्षेत्र तेवढंच, हे कसं? घट गेली कुठे? लूपबाहेरचा करंट तर तुम्ही मोजलाच नाही. आणि स्लॅबच्या मध्यावर क्षेत्र शून्य, असं नुसतं लिहून मोकळे झालात. ॲम्पिअरच्या नियमातून ते निघत नाही. उत्तर आधीच माहीत असलं की लूप काढायला काय जातंय!”

तो लेख करंट वाहणाऱ्या अनंत सपाट पत्र्याच्या आणि जाड पत्र्याच्या, म्हणजे स्लॅबच्या, चुंबकी क्षेत्राबद्दल होता. ते मी ॲम्पिअरच्या नियमाने काढलं होतं: बंद वळशाने, म्हणजे लूपने, चालत क्षेत्राची बेरीज केली की ती लूपच्या आत सापडलेल्या करंटच्या μ₀ पट येते, आणि μ₀ हा एक ठरलेला स्थिरांक. शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘सममितीने शून्य’ एवढंच लिहून मी पुढे पळालो. या गणितातलं निम्म्याहून जास्त काम सममितीच करते. ॲम्पिअरचा नियम शेवटी येऊन हिशोब तेवढा पुरा करतो. ते काम मी दाखवायला हवं होतं.

पत्रा xy प्रतलात आडवा पसरलाय, करंट y दिशेने वाहतोय, z वरच्या बाजूला. पत्र्याच्या रुंदीच्या दर मीटरमागे जितके ॲम्पिअर वाहतात त्याला K म्हणू. हवं तर टेबलावर एक कागद ठेवा आणि त्यावर एकाच दिशेचे समांतर बाण काढा.

पत्र्याच्या वरचा एखादा बिंदू घ्या. त्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेभोवती कागद अर्धा फेरा फिरवला की सगळे बाण उलटतात. या फिरवण्याने क्षेत्राचा उभा घटक मात्र आहे तसाच राहतो, कारण तो त्या आसावरच आहे. पण करंट उलटला तर क्षेत्राचा प्रत्येक घटक उलटायलाच हवा. तसाच राहणारा आणि उलटणारा, दोन्ही एकदम असेल असा आकडा एकच, शून्य. म्हणजे उभा घटक गेला. y दिशेचा घटक नसतोच, कारण सरळ तारेचं क्षेत्र तारेभोवती गोल फिरतं, तारेच्या दिशेने त्याचा काहीच भाग नसतो. उरला फक्त x घटक.

आता कागद एखाद्या बाणालाच आस मानून अर्धा फेरा फिरवा. बाणांची दिशा जशीच्या तशी राहते. मात्र वरची बाजू खाली जाते आणि x ची दिशा उलटते. याचा अर्थ, पत्र्याच्या वर काही उंचीवर क्षेत्र उजवीकडे असेल, तर खाली तेवढ्याच खोलीवर ते तितकंच, पण डावीकडे. पत्रा जाड असला तरी या युक्तिवादाला फरक पडत नाही, आस फक्त जाडीच्या बरोबर मध्यातून जायला हवी. तिथे ‘वर’ आणि ‘खाली’ एकच होतात, आणि स्वतःच्याच विरुद्ध असलेलं क्षेत्र शून्य असतं. तुमचं शून्य इथून आलं. ॲम्पिअरच्या नियमातून ते निघत नाही, हे तुमचं म्हणणं शब्दशः बरोबर आहे.

आता लूप. करंटला काटकोनात एक उभा आयत घ्या, ℓ लांबीची एक आडवी बाजू पत्र्याच्या वर, दुसरी तितकीच खाली. उभ्या बाजूंवर क्षेत्र त्यांना काटकोनात आहे, म्हणून त्यांचा वाटा शून्य. क्षेत्राला B म्हटलं तर वरच्या बाजूचा वाटा Bℓ. खाली क्षेत्र उलट आहे आणि आपणही तिथे उलट दिशेने चालतोय, म्हणून पुन्हा Bℓ. आत सापडलेला करंट Kℓ.

2Bℓ = μ₀Kℓ, म्हणून B = μ₀K/2

बाहेरचा करंट मोजला नाही असं नाही. तो B मध्ये आहेच. त्या बिंदूवरचं क्षेत्र संपूर्ण पत्र्याचं आहे, लूपमधल्या तुकड्याचं नव्हे. वळशाच्या बेरजेतून तो कसा गळतो ते कोनाने बघू. एका तारेपुरती ही बेरीज म्हणजे μ₀I/2π गुणिले, तारेकडून बघणाऱ्याची नजर आपला पाठलाग करताना एकूण किती वळली तो कोन. तार लूपच्या आत असेल तर नजर पूर्ण 2π फिरते. तार बाहेर असेल तर नजर थोडी उजवीकडे जाते, तेवढीच डावीकडे परत येते, आणि एकूण शून्य. बाहेरची तार लूपच्या प्रत्येक बाजूवर क्षेत्र निर्माण करते, फक्त एका बाजूला मिळालेलं दुसऱ्या बाजूला वजा होतं.

‘घट गेली कुठे’ याचं उत्तरही कोनातच आहे. इथे नियम बाजूला ठेवून तुमच्याच वाटेने जातो, पत्रा म्हणजे तारांची रांग समजून. पट्टीची रुंदी w आणि आपण तिच्या मध्यरेषेच्या वर z उंचीवर. प्रत्येक तारेच्या क्षेत्राचा आडवा भाग घेऊन बेरीज केली, तर येतं:

B = (μ₀K/π) · arctan(w/2z)

यातला 2·arctan(w/2z) हा भाग म्हणजे आपल्याला पट्टी जेवढ्या कोनात पसरलेली दिसते तो कोन. त्याला θ म्हटलं की B = μ₀Kθ/2π. एकेका तारेचं क्षेत्र अंतराबरोबर घटतं यात वाद नाही. पण आपण वर सरकलो की डोक्याखालच्या तारा दुबळ्या होतात आणि बाजूच्या लांबच्या तारांचं क्षेत्र, जे आधी जवळजवळ उभं असून डाव्या-उजव्या जोडीत रद्द होत होतं, ते आडवं व्हायला लागतं. पत्रा खरंच अनंत असेल तर कितीही वर जा, तो क्षितिजापासून क्षितिजापर्यंतच दिसतो. θ कायम π, आणि B कायम μ₀K/2. गच्चीवरून पाहा नाहीतर विमानातून, सपाट अनंत जमीन अर्धं जगच व्यापणार.

अनंत पत्रा बाजारात मिळत नाही, हे मान्य. म्हणून खरी वस्तू घेऊ: विजेच्या पॅनेलमधला तांब्याचा बसबार, म्हणजे करंट वाहून नेणारी पट्टी, १०० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड, त्यातून १००० ॲम्पिअर डीसी. K होतो १०,००० ॲम्पिअर प्रति मीटर आणि μ₀K/2 म्हणजे ६.२८ मिलिटेस्ला. जाडी क्षणभर विसरून वरचं सूत्र लावलं तर मध्यापासून १० मिलिमीटरवर ५.४९ येतं, अनंत पत्र्याच्या ८७ टक्के. ५० मिलिमीटरवर, म्हणजे अर्ध्या रुंदीइतक्या अंतरावर, बरोबर निम्मं, ३.१४. एक मीटरवर ०.२० मिलिटेस्ला, आणि १००० ॲम्पिअरची बारीक तार एक मीटरवर तेवढंच देते. म्हणजे तुमची घट कुठेही हरवलेली नाही. पट्टीच्या रुंदीइतकं लांब गेलात की ती हजर होते. माझ्या लेखातले ‘कितीही लांब’ हे शब्द अनंत पत्र्यापुरतेच खरे. खऱ्या पट्टीसाठी ‘रुंदीच्या मानाने जवळ, आणि काठापासून दूर’ असं वाचा.

आता त्याच बसबारच्या पोटात शिरू. (स्लॅब म्हटलं की घराचं छप्पर डोळ्यांपुढे येतं, पण दुसरा सुटसुटीत शब्द मला सापडला नाही.) जाडी 2a, म्हणजे a = ५ मिलिमीटर. करंटची घनता J, दर चौरस मिलिमीटरला १ ॲम्पिअर. लूपची एक बाजू मध्याच्या वर z वर, दुसरी खाली z वर, दोन्ही तांब्याच्या आत. आत सापडतो J·2z·ℓ एवढा करंट.

2Bℓ = μ₀J·2zℓ, म्हणून B = μ₀Jz

मध्यावर शून्य, तिथून सरळ रेषेत वाढत पृष्ठभागावर μ₀Ja, आणि बाहेर पडल्यावर तेवढंच स्थिर, कारण लूप आणखी मोठा केला तरी करंट वाढत नाही. आकडे घातले की पृष्ठभागावर ६.२८ मिलिटेस्ला. पातळ पत्र्याचं उत्तरही तेच होतं, आणि तसंच हवं, कारण K = J·2a. स्लॅब चेपत पातळ केला आणि एकूण करंट तोच ठेवला, तर ही चढण उभी उभी होत जाते आणि शेवटी पत्र्यापाशी एका झटक्यात −μ₀K/2 वरून +μ₀K/2 वर उडी होते. नेमकं पत्र्यावर क्षेत्र किती, हा प्रश्न चढणीकडे पाहिलं की आपोआप सुटतो.

इथे दोन चुका वारंवार दिसतात. एक, z मध्याऐवजी पृष्ठभागापासून मोजणं. दुसरी, जाडी कधी d, कधी 2a धरणं. मग उत्तर दुप्पट किंवा निम्मं येतं. जाडी d असेल तर बाहेरचं क्षेत्र μ₀Jd/2. पडताळा सोपा आहे: आतलं सूत्र आणि बाहेरचं सूत्र पृष्ठभागावर जुळलंच पाहिजे. माझ्या लेखातल्या आकृतीत d आणि मजकुरात a होतं, ते आज दुरुस्त केलं आहे.

तुमच्या आक्षेपाला आणखी धार लावता आली असती, तेवढं मीच करतो. करंट परत कुठून येतो? समजा वर काही अंतरावर दुसरा समांतर पत्रा आहे आणि त्यातून तोच K उलट दिशेने परततो. वरच्या पत्र्याचं क्षेत्र मधल्या जागेत पहिल्याच्या दिशेने मिळतं आणि बाहेर त्याच्या विरुद्ध. म्हणून दोन पत्र्यांमध्ये μ₀K, बाहेर दोन्हीकडे शून्य. खालच्या पत्र्याभोवती तोच आयत काढा. आत सापडलेला करंट तोच Kℓ, वळशाची बेरीज तीच. पण आता वर μ₀K आणि खाली शून्य. ‘अर्धा’ नाहीसा झाला. नियमाने दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगितली: पत्रा ओलांडताना क्षेत्र μ₀K ने बदलतं. तो बदल दोन बाजूंना समान वाटायचा की नाही, हे भोवती आणखी काय आहे त्यावर ठरतं. दुसरा पत्रा आला की मघाचा कागद फिरवण्याचा खेळ लागू होत नाही, कारण फिरवल्यावर परतीचा पत्रा वरून खाली जातो. जाड स्लॅबचंही तसंच: परतीचा करंट एकाच बाजूने असेल तर क्षेत्राचा चढ तोच μ₀J राहतो, पण शून्य मध्यावरून सरकून स्लॅबच्या, परतीच्या करंटपासून लांबच्या पृष्ठभागावर जातं.

खऱ्या पॅनेलमध्ये जाणारा आणि येणारा बसबार शेजारी शेजारी असतात, म्हणून तिथे गॉसमीटर लावून ६.२८ शोधू नका. आणि ५० हर्ट्झच्या एसीवर तांब्यात करंट साधारण ९ मिलिमीटर खोलीच्या प्रमाणात पृष्ठभागाकडे सरकतो, शिवाय रुंद पट्टीत तो काठांकडे दाटतो; तेव्हा J सगळीकडे सारखा ही अटच ढिली पडते आणि B = μ₀Jz ची सरळ रेष वाकते. वरचे सगळे आकडे डीसीसाठी, आणि परतीची तार लांब असताना आहेत.