दीड लाख भरून काय वाचतं?
"पगार 11 लाख आहे. मार्चच्या आत पीपीएफमध्ये दीड लाख भरू का?"

सर, कर वाचवायला म्हणून भरू नका. जुन्या पद्धतीत 50 हजार प्रमाणित वजावट आणि हे दीड लाख वजा केले, तरी 9 लाख उरतात आणि कर सेससह सुमारे 96 हजार येतो. नव्या पद्धतीत (2025-26) 75 हजार वजा होऊन सव्वादहा लाख उरतात आणि 12 लाखांपर्यंत सवलत असल्यानं कर शून्य. एफडीचं व्याज मात्र उत्पन्नात धरा. आमच्या लातूरला एक गुरुजी पतसंस्थेचं कर्ज काढून पीपीएफ भरायचे! खातं चालू ठेवायला वर्षाला 500 रुपये पुरतात.