समोसा कडकडीत तेलात सोडू नका

"समोसे नेहमी कडकडीत तापलेल्या तेलातच सोडावेत. मंद आचेवर तळले की ते तेल पितात आणि पदर तेलातच विरघळतात. गरम तेलात बाहेरून लगेच कवच धरतं, वर फोड येतात, म्हणजे समोसा खुसखुशीत झाला. सारण तर आधीच शिजलेलं असतं, मग तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त तळायचं कशाला?"

समोसे तळण्याबद्दल असा सल्ला बरेचदा ऐकू येतो, आणि मला तो पटत नाही. सुरुवात त्यातल्या शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण बाकीचे गैरसमज त्यातूनच निघतात. सारण शिजलेलं असतं हे खरं, पण पारी कच्ची असते आणि तळायची असते ती पारीच. तिला उष्णता मिळते फक्त बाहेरच्या बाजूने. आतल्या बाजूला बटाट्याचं ओलसर सारण चिकटलेलं असतं, आणि त्यात पाणी आहे तोवर ते 100 अंशांच्या वर जात नाही. म्हणजे पारीचा सारणाकडचा थर शिजायला आणि सुकायला सगळ्यात उशीर लागतो. त्यात समोशाची जाडी सगळीकडे सारखी नसते. पारी दोन-अडीच मिलीमीटर लाटली, तर जोडावर दोन कडा एकमेकींवर येऊन ती पाच मिलीमीटरच्या आसपास जाते, आणि बुडाशी चुणी घातली असेल तर आणखी जास्त. 180 अंशांच्या तेलात पृष्ठभाग तीन-चार मिनिटांत तांबूस होतो, आपण समोसा काढतो, आणि जोडावरचं पीठ तेव्हा जेमतेम गरम झालेलं असतं.

पदराच्या समोशात हे जास्तच जाणवतं. पदर सुटतात ते साट्यामुळे. पोळ्यांच्या मध्ये लावलेलं तूप आणि कॉर्नफ्लोअर त्या थरांना एकमेकांना चिकटू देत नाही. तळताना पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर उचलते. पण थर उचलले जाणं आणि ते कुरकुरीत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उचललेल्या थरातलं पाणी निघून गेलं तरच तो तसाच राहतो, नाहीतर बाहेर काढल्यावर खाली बसतो. हे पाणी निघायला वेळ लागतो, आणि तो वेळ बाहेरचा थर करपू न देता मिळवायचा असेल तर पीठ तांबूस व्हायला लागतं त्या तापमानाच्या खाली राहावं लागतं. मंद आचेचं सगळं कारण एवढंच आहे.

आता फोडांबद्दल. पृष्ठभागाखालच्या पाण्याची एकदम वाफ झाली की वरची पातळ साल फुगते, तो फोड. तो फोड पहिल्या घासाला कुरकुरतो हे मान्य. पण त्याच्या खालचं पीठ ओलं असतं, आणि समोसा निवताना तो ओलावा सालीत येतो. अर्ध्या तासात असा समोसा चिवट लागतो. नीट तळलेल्या पारीवर मोठे फोड नसतात, फार तर बारीक दाणे दिसतात.

तेल पिण्याच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. भजी किंवा पुरी थंड तेलात सोडली तर तेलकट होते, आणि तो अनुभव लोक समोशाला लावतात. पण समोशाचं पीठ घट्ट, कमी पाण्याचं आणि मोहन घातलेलं असतं. तळताना वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. बरंचसं तेल शिरतं ते पदार्थ कढईबाहेर काढल्यानंतर: आतली वाफ निवते, पोकळी तयार होते आणि अंगावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून शेवटी आच वाढवायची आणि समोसा गरम तेलातूनच बाहेर काढायचा. गरम तेल पातळ असतं, चटकन निथळतं. मंद आचेवरचा समोसा त्याच तेलातून तसाच उचलला तर तो तेलकट होणारच, आणि मग दोष मंद आचेला दिला जातो.

पदर विरघळण्याची भीती मात्र निराधार नाही. तेल फक्त कोमट असेल, म्हणजे समोसा सोडल्यावर एकही बुडबुडा येत नसेल, तर साटा वितळून बाहेर पडतो आणि थर सुटे होऊन तेलात तरंगतात. मंद याचा अर्थ कोमट नाही. 120 अंशांच्या आसपास सुरुवात करा. थर्मामीटर नसेल तर पिठाचा छोटा गोळा टाका: तो तळाशी जाऊन बसावा, त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे यावेत आणि तो सावकाश वर यावा. लगेच वर उसळला तर तेल जास्त तापलं आहे.

प्रत्यक्षात असं करा. 250 ग्रॅम मैद्याला तीन टेबलस्पून तूप चोळून, मीठ-ओवा घालून, साधारण 100 मिली पाण्यात घट्ट पीठ मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. तीन पोळ्या लाटून प्रत्येकीवर दोन चमचे तूप आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर फेटलेला साटा लावा, एकीवर एक ठेवून घट्ट गुंडाळी करा आणि आठ तुकडे कापा. कापलेली बाजू वर ठेवून हलक्या हाताने साधारण 16 सेंटीमीटरची पारी लाटा, मधून कापा, सारण भरा. सारण पूर्ण गार आणि कोरडं हवं. गरम सारणाची वाफ पारी आतून भिजवते.

एका वेळी चार-पाचच समोसे सोडा. पहिली पाच मिनिटं झारा लावू नका, पदर तेव्हा फार नाजूक असतात. मग हळूच उलटा. बारा ते पंधरा मिनिटांत समोसा पांढुरकाच दिसतो, पण बुडबुडे विरळ होतात, झाऱ्यावर तो हलका लागतो आणि झाऱ्याने टिचकी मारली तर टणक आवाज येतो. तेव्हा आच वाढवून तेल 160-170 अंशांवर न्या आणि तीन-चार मिनिटांत सोनेरी रंगावर काढा.

एक समोसा जोडावर मोडून पाहा, पसरट बाजूला नाही. आत चकचकीत, दाताला चिकटणारी पांढरी रेघ दिसली तर पीठ कच्चं आहे. शिजलेले थर निस्तेज, कोरडे दिसतात आणि सुटे होतात.

बहुतेकांचा घोळ होतो तो दुसऱ्या घाण्याला. पहिला घाणा छान जमतो आणि लगेच पुढचे समोसे त्याच 165 अंशांच्या तेलात पडतात. गॅस बंद करून थांबा किंवा थोडं गार तेल ओता, आणि पिठाचा गोळा पुन्हा टाकून बघा. खूप समोसे करायचे असतील तर दोन कढया ठेवा, एक मंद, एक गरम.

पट्टी समोशाला हे काहीच लागू नाही. त्याची पट्टी कागदासारखी पातळ आणि आधी तव्यावर शेकलेली असते, त्यामुळे त्याला सुरुवातीपासून गरम तेलच हवं.