रॉकवेल मशीन तपासताना पाच ठसे का मारायचे

"रॉकवेल मशीन तपासायला ब्लॉकवर एक ठसा पुरे. आकडा सर्टिफिकेटच्या जवळ आला की मशीन ओके. पाच मारलेच तर सरासरी बघा, ती जुळली की झालं. थोडं मागेपुढे असेल तर करेक्शन लावा."

साकीनाक्याच्या गाळ्यांपासून वसईच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांपर्यंत क्यूसीच्या लोकांत हा सल्ला फिरतो आहे. त्याच्या भरवशावर माल पास होतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

एका ठशाचं आधी बघू. ब्लॉकवर कडकपणा 60.2 एचआरसी कोरलाय आणि मशीनने पाच ठशांना 60.0, 59.6, 60.9, 60.0 आणि 61.0 दाखवलं, असं धरा. पहिल्यावरच थांबलात तर फरक फक्त 0.2 दिसतो. शेवटचाच ठसा आधी पडला असता तर तो 0.8 दिसला असता. मशीन तेच, ब्लॉक तोच.

आता सरासरी. ती 60.3 येते, म्हणजे चूक जेमतेम 0.1. पण सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात 1.4 चं अंतर आहे. एएसटीएम ई18 प्रमाणे 60 ते 65 एचआरसीच्या ब्लॉकवर हे अंतर 1.0 च्या वर जाता कामा नये. सरासरी इतकी सुरेख जुळूनही हे मशीन नापास आहे. कारण कामाच्या पार्टवर आपण पाच ठशांची सरासरी क्वचितच घेतो. ड्रॉइंगवर कमाल 60 लिहिलं असेल, तर 59.9 चा पार्ट एकदा पास होईल, एकदा रिजेक्ट.

करेक्शनने हे सुटत नाही. 0.1 वजा केलंत की पाचही आकडे एकत्र खाली सरकतात, अंतर 1.4 च राहतं.

मग फैलाव येतो कुठून, ते शोधायला हवं. एचआरसीचा एक अंक म्हणजे खोलीत फक्त 2 मायक्रॉन. आपल्याकडे पावसाळ्यात ब्लॉकच्या खालच्या बाजूला धरलेला गंजाचा ठिपकाही तेवढा गोंधळ घालतो. म्हणून आधी ॲन्व्हिल आणि ब्लॉकची पाठ पुसा, त्यांवर कुठे धातूची बर उठलीय का बघा. इंडेंटर किंवा ॲन्व्हिल नुकतं बदललं असेल तर ते नीट बसेपर्यंतचे पहिले ठसे मोजू नका. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस चालत असेल, तर तो बंद असताना पुन्हा पाच मारा. अंतर आटलं तर दोष हादऱ्यांचा. तरीही आकडे सैरभैर राहिले, तर वर-खाली करायचा स्क्रू आणि इंडेंटरची बैठक सैल आहे का तपासायला मेकॅनिक बोलवा.

ठसे पृष्ठभागावर सगळीकडे पसरून मारा. दोन ठशांच्या केंद्रांत ठशाच्या व्यासाच्या किमान तिप्पट जागा ठेवा, कडेपासून अडीच पट. ब्लॉक उलटा करून पाठीवर कधीच मारू नका. आणि रजिस्टरमध्ये नुसती सरासरी नको, पाचही आकडे आणि प्रत्येकाची जागा लिहा. मोठे आकडे दर वेळी ब्लॉकच्या एकाच बाजूला येत असतील, तर मशीनला हात लावण्याआधी दुसरा ब्लॉक लावून बघा.