तळहाताला केस येत नाहीत, गालाला येतात

"मिनॉक्सिडिलचं सोपं गणित : २० थेंब म्हणजे १ मिली, केस जास्त गेले असतील तर सरळ दुप्पट घ्या. अंघोळ झाल्यावर ओल्या केसांतच लावा, चांगलं मुरतं. घाई असेल तर ड्रायर मारा, नाहीतर रात्री लावा आणि झोपून जा. हात धुवायची भानगड नको, तळहाताला कुठे केस उगवतात?"

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला माझं औषधांचं दुकान आहे. मिनॉक्सिडिल म्हणजे केस पुन्हा उगवावेत म्हणून टाळूला लावायचं औषध. गेल्या काही आठवड्यांत त्याबद्दलचा हा मजकूर मोबाईलवर दाखवत तीन-चार जण काउंटरवर आले. प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी थेंबांचं. वीसाचा हा आकडा पाण्याचा आहे. पाण्याचे साधारण २० थेंब १ मिली होतात, हे आम्हालाही शिकवलेलं असतं. पण मिनॉक्सिडिलच्या बाटलीत नुसतं पाणी नसतं. त्यात अल्कोहोल आणि औषध विरघळवून ठेवणारं प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, आणि अल्कोहोल असलेल्या द्रावणाचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान पडतो. म्हणजे २० मोजून थांबणारा माणूस १ मिलीपेक्षा बराच कमी लावतो आणि चार महिन्यांनी 'औषधाचा काही उपयोग नाही' म्हणत बाटली फेकून देतो. थेंब मोजूच नका. बाटलीबरोबर जो ड्रॉपर येतो, त्याच्या काचेवर १ मिलीची रेघ असते. रबर दाबून द्रावण वर ओढा, ड्रॉपर डोळ्यांसमोर उभा धरा आणि पातळी रेघेला आली का ते बघा. मध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर माप चुकतं, अशा वेळी सगळं परत बाटलीत सोडून पुन्हा ओढा. स्प्रे असेल तर किती वेळा दाबल्यावर १ मिली होतं ते आपल्याच खोक्यावर वाचा, कारण प्रत्येक कंपनीचा पंप सारखा नसतो.

माप बरोबर आहे की नाही हे तपासायची एक सोपी खूण आहे. सकाळी १ आणि संध्याकाळी १, म्हणजे दिवसाला २ मिली. ६० मिलीची बाटली बरोबर ३० दिवस पुरायला हवी. बाटली उघडाल त्या दिवशीची तारीख पेनाने लेबलवर लिहून ठेवा.

याच तारखेमुळे एका मुलाची चूक माझ्या लक्षात आली. अंबडला एका कारखान्यात फर्स्ट शिफ्ट करतो, वय २८, डोक्याचा मागचा भोवरा विरळ झालेला. त्वचारोगतज्ज्ञांनी ५ टक्क्यांचं द्रावण दिवसातून दोनदा लिहून दिलं होतं. पहिली बाटली नेली आणि अठराव्या दिवशी दुसरी मागायला आला. ६० मिली १८ दिवसांत, म्हणजे रोजचं तीन मिलीच्याही वर. विचारलं तर म्हणाला, "ताई, मी रेघ बघत नाही, भरेल तेवढं ओढतो. जास्त लावलं तर लवकर येतील ना?"

लवकर येत नाहीत. मिनॉक्सिडिल डोक्यावर पडलं की आपोआप कामाला लागत नाही. केसाच्या मुळाशी एक विकर असतं, ते आधी या औषधाचं रूप बदलतं आणि त्या बदललेल्या रूपाचाच केसावर परिणाम होतो. ते विकर कोणाकडे जास्त असतं, कोणाकडे कमी. वरून औषध जास्त ओतलं म्हणून विकर वाढत नाही. टक्कल लहान असो की मोठं, दिवसाची मर्यादा २ मिलीच. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावून भरपाई करायची नाही.

शिवाय जास्तीचं औषध जातं कुठे, हेही पाहायला हवं. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाच्या गोळ्यांतलं औषध. अमेरिकेत १९७९ मध्ये ते त्यासाठी मंजूर झालं. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचं दिसलं, आणि १९८८ मध्ये तिथेच डोक्याला लावायचं द्रावण आलं. न सोललेल्या, निरोगी त्वचेतून साधारण दीड टक्क्याच्या आसपासच औषध रक्तात जातं, म्हणून बहुतेकांना त्रास होत नाही. पण माप दुप्पट-तिप्पट केलं, किंवा डोकं खाजवून सोललेलं असताना, उन्हाने भाजलेलं असताना लावलं, तर हा हिशेब बिघडतो. छातीत धडधड, चक्कर, पायावर किंवा चेहऱ्यावर सूज, अचानक वाढलेलं वजन, यातलं काहीही दिसलं तर औषध थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. हृदयाचा आजार असेल तर सुरू करण्याआधीच विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर लावूच नये.

त्या मुलाला मी एवढंच विचारलं, "अलीकडे जिना चढताना धडधडतं का?" नव्हतं होत. पण टाळूला सतत खाज होती आणि काळ्या शर्टावर पांढरी पूड पडायची, तो तिला कोंडा समजून अँटी-डँड्रफ शाम्पू घासत होता. ती पूड बोटावर घेतली तर कोंड्यासारखी तेलकट पापुद्र्याची नव्हती, बारीक मिठासारखी कोरडी होती. अल्कोहोल उडून गेलं की जास्तीचं मिनॉक्सिडिल असंच पांढरं होऊन केसांत बसतं. माप रेघेवर आणल्यावर दोन आठवड्यांत पूड जवळजवळ बंद झाली आणि खाजही उतरली. माप नीट असूनही टाळू लाल होऊन आग होत असेल तर बऱ्याचदा ते प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे असतं. अशा वेळी ते नसलेला प्रकार मिळतो, डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावा.

आता ओल्या केसांचं. टाळू ओली असेल तर द्रावण पातळ होतं, पाण्याबरोबर ओघळून कपाळावर आणि कानामागे उतरतं. केस धुतले असतील तर टाळू बोटाला पूर्ण कोरडी लागेपर्यंत थांबा. मग कंगव्याने विरळ जागेवर भांग पाडा, ड्रॉपरमधलं थोडं द्रावण टाळूवर सोडा, शेजारी दुसरा भांग पाडा, पुन्हा थोडं. तीन-चार भांगांत १ मिली संपतं. ते बोटाच्या टोकाने हलकेच पसरवायचं. तेलासारखं जोरजोरात चोळायचं नाही, त्याने औषध टाळूऐवजी केसांना आणि बोटांनाच लागतं.

वाळण्यासाठी दोन ते चार तास द्या. ड्रायरने वरवर कोरडं दिसतं, पण औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि वर अल्कोहोल पेट घेणारं आहे. आपल्याकडे संध्याकाळी लावायची वेळ आणि दिवेलागणीची वेळ बरोबर एकच येते. ओल्या डोक्याने देव्हाऱ्यातल्या निरांजनावर किंवा गॅसवर वाकू नका. आधी दिवा लावा, मग औषध. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा टाळू जास्त वेळ चिकट राहते, तेव्हा वेळही जास्त धरा. लावल्यानंतर निदान चार तास डोकं धुवायचं नाही.

अंबडच्या त्या मुलाची अडचण हेल्मेटची होती. सहाला लावायचा आणि सव्वासहाला हेल्मेट चढवून निघायचा, म्हणजे औषधाचा मोठा वाटा हेल्मेटच्या अस्तराला. मग आम्ही वेळापत्रक बसवलं. सकाळी पाचला उठल्याबरोबर लावायचं, घामाने टाळू ओली असेल तर आधी पुसायची, आणि हात लावून कोरडं वाटल्याशिवाय हेल्मेट नाही. साडेतीनला घरी येतो, चारला डोकं धुवायचं, सहाला कोरड्या टाळूवर दुसरा डोस. दहाला झोपेपर्यंत चार तास होतात. दोन डोसांमधलं अंतरही बारा तासांच्या जवळ राहतं.

ते दहाचं इतकं धरून बसण्याचं कारण उशी. पंचवटीतून येणाऱ्या एक बाई, चाळिशीच्या आतबाहेर, रात्री साडेदहाला लावून लगेच आडव्या व्हायच्या. तीन महिन्यांनी त्यांच्या उजव्या गालावर, कानापासून जबड्यापर्यंत, काळसर लव दिसायला लागली. डाव्या गालावर तेवढी नव्हती. "तुम्ही उजव्या कुशीवर झोपता का?" विचारल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. ओल्या टाळूचं औषध उशीच्या अभ्ऱ्याला लागायचं आणि रात्रभर गाल त्याच अभ्ऱ्यावर. वर त्या ५ टक्क्यांचं नवऱ्याचं द्रावण वापरत होत्या, स्वतःसाठी लिहून दिलेलं २ टक्क्यांचं ठेवून. स्वतःचं औषध, आठची वेळ आणि रोज धुतलेला अभ्रा एवढे बदल केले. गालावरची लव जायला मात्र काही महिने लागले. संपर्क थांबला की ती जाते, पण हळूहळू.

आणि आता हात. तळव्याला केसांची मुळंच नसतात, त्यामुळे तळव्यावर केस येणार नाहीत, हे खरं आहे. पण हात तळव्यापाशी थांबत नाही. त्याच हाताने आपण कपाळ पुसतो, डोळा चोळतो, बाळाचे गाल कुरवाळतो. डोळ्यात गेलं तर अल्कोहोलने चरचरतं, लगेच भरपूर गार पाण्याने धुवावं लागतं. बाळांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. युरोपातल्या औषध नियामकांनी २०२४ मध्ये याबद्दल मुद्दाम इशारा दिला : घरातली मोठी माणसं मिनॉक्सिडिल लावत होती आणि त्यांच्या संपर्कातून तान्ह्या बाळांच्या अंगावर जास्तीचे केस उगवल्याची उदाहरणं समोर आली होती. बाळाची त्वचा पातळ, अंग लहान, आणि बाळ आपल्या खांद्यावर डोकं ठेवतं तेव्हा त्याचं तोंड नेमकं आपल्या केसांपाशी असतं. म्हणून लहान मूल असलेल्या घरात हात धुणं पुरेसं नाही, टाळू वाळेपर्यंत मुलाला उचलून घेऊ नका. मांजर असेल तर तिला ओल्या डोक्यापासून, उशीपासून आणि बाटलीपासून लांबच ठेवा. मांजरीला हे औषध अगदी थोडं चाटल्यानेही जिवावर बेतू शकतं.

हात धुताना नुसतं पाणी सोडून चालत नाही. बोटांची टोकं, नखांच्या कडा आणि अंगठी घालत असाल तर तिच्याखालचा भाग साबणाने चोळून धुवा, मग टॉवेलला हात लावा. कपाळावर ओघळ आला असेल तर तोही त्याच वेळी धुऊन टाका. ड्रॉपरचं टोक पुसायचं तर कागदाने पुसा आणि तो कागद कचऱ्यात टाका, ओट्यावर ठेवू नका.

त्या मुलाने तिसरी बाटली नेली तेव्हा मी दुसरीचं लेबल मागितलं होतं. पेनाने लिहिलेल्या तारखेपासून एकतिसावा दिवस होता.