तिसऱ्या प्रकरणात निवेदक निघून जातो

"चार्ल्स डिकन्सला शब्दामागे पैसे मिळायचे, म्हणून त्याच्या कादंबऱ्या एवढ्या लांबलचक! अख्खी कादंबरी आधी लिहून ठेवायचा आणि दर आठवड्याला ऐन रंगात तोडून छापायचा. 'क्लिफहँगर' हा शब्दही त्याच्यामुळेच आला. छोटी नेल मेली की जगली हे कळायला न्यूयॉर्कच्या बंदरावर हजारो लोक जमले होते. आवडलं तर पुढे पाठवा."

पुढे पाठवलंच लोकांनी. खानापूरच्या ग्रुपवर आलं, निपाणीच्या पाहुण्यांकडून परत आलं, तोवर मी गप्प होतो. परवा बेळगावात कॉलेजला असलेल्या भाचीने इंग्रजीच्या असाइनमेंटचा कागद दाखवला, तर पहिल्याच परिच्छेदात हा मजकूर जसाच्या तसा. वर मलाच विचारते, "मामा, बरोबर आहे की नाही? सगळ्यांनी हेच लिहिलंय." मी बरीच वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. साप्ताहिकातली क्रमशः कादंबरी कशी जन्माला येते ते मी गॅलीवर पाहिलंय, म्हणून जरा तोंड उघडतो.

नेलचं नाव आलंच आहे तर तिचीच कादंबरी घेऊ, 'दि ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'. दुसरीकडे जायची गरज नाही.

पैशाचं आधी उरकतो. ही कादंबरी ज्या साप्ताहिकात आली त्याचं नाव 'मास्टर हम्फ्रीज क्लॉक', किंमत 3 पेन्स. प्रकाशक चॅपमन अँड हॉल यांच्याशी डिकन्सचा करार होता तो अंकाला 50 पौंड आणि नफ्यात निम्मा वाटा असा. अंक ठरलेल्या पानांचा. दहा शब्द जादा लिहिले म्हणून दमडी वाढत नव्हती, उलट जागेत बसत नाहीत म्हणून कापावे लागत. नाइलाजाने एवढं मान्य करतो की ही गोष्ट लांबली ती खप वाचवण्यासाठीच, आणि निम्मा नफा त्याचा असल्यामुळे खपाशी त्याचा खिसा बांधलेला होता. पण तो हिशेब अख्ख्या अंकाचा, शब्दांचा नव्हे.

आता दुसरं वाक्य, अख्खी कादंबरी आधी लिहून ठेवायचा हे. खरा संताप मला याच्यावर आहे, कारण एकदा हे मानलं की कादंबरीचा सैलपणा आळस वाटतो आणि भागांचे शेवट लबाडी वाटतात. झालं होतं नेमकं उलटं, आणि तसं खुद्द डिकन्सने लिहून ठेवलंय. या कादंबरीच्या 1848 च्या आवृत्तीला त्याची प्रस्तावना आहे. त्यात तो सांगतो की एप्रिल 1840 मध्ये आपण साप्ताहिक काढलं ते सुट्या लेखांसाठी. त्यात एखादी चालती गोष्ट अधूनमधून, सोयीने यायची होती. चौथ्या अंकात या गोष्टीचं पहिलं प्रकरण आलं तेव्हा अंकाच्या विस्कळीतपणाने तो स्वतःच बेचैन झाला होता, आणि वाचकही झाले असावेत असं त्याला वाटत होतं. मग बाकीचे लेख शक्य तेवढ्या लवकर आवरून त्याने अंक गोष्टीलाच दिला, आणि तिथून शेवटापर्यंत ती आठवड्यागणिक लिहिली आणि आठवड्यागणिक छापली. लेखकच एवढं स्पष्ट सांगतोय, तरी आपण फॉरवर्ड वाचणार.

बेचैनीचं कारण साधं होतं. 4 एप्रिलचा पहिला अंक 70 हजारांच्या आसपास खपला. लोकांना वाटलं डिकन्सची नवी कादंबरी सुरू झाली. आत बघतात तर मास्टर हम्फ्री नावाचा एक एकटा म्हातारा, त्याचं जुनं घड्याळ, त्या घड्याळाच्या पेटीत ठेवलेली हस्तलिखितं आणि ती वाचायला जमणारे त्याचे तीन मित्र. खप घसरला. डिकन्सने आपल्या आधीच्या कादंबरीतल्या लोकप्रिय पिकविकसाहेबांना परत आणून बघितलं. मग एक छोटी गोष्ट म्हणून जे मनात होतं तेच ताणायला घेतलं.

ताणलेल्याच्या खुणा पुस्तकात आजही तशाच आहेत. पहिलं प्रकरण 'मी' असं बोलतं. हम्फ्री रात्री लंडनमध्ये फिरताना वाट चुकलेली नेल त्याला भेटते, तो तिला आजोबांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचवतो. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी हाच 'मी' वाचकांना सांगतो की माणसांची ओळख करून दिली, आता कथेच्या सोयीसाठी मी बाजूला होतो. आणि जातो. पुढची सत्तर प्रकरणं त्याच्याशिवाय. आधी लिहून ठेवलेल्या कादंबरीत कोण असा निवेदक नेमून तिसऱ्या प्रकरणात घरी पाठवेल? एका आजारी साप्ताहिकातल्या छोट्या गोष्टीला तो पुरत होता. पण गोष्ट लंडनभर आणि लंडनबाहेर पसरायला लागली तेव्हा एका म्हाताऱ्याला सगळीकडे हजर ठेवणं अशक्य झालं. आणि छापून गेलेली तीन प्रकरणं परत बोलावता येत नाहीत.

परत बोलावता येत नाहीत याचा अर्थ छापखान्याबाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. आमच्या साप्ताहिकात एक लेखक क्रमशः लिहायचे. हप्ता एसटीच्या ड्रायव्हरजवळ देऊन पाठवायचे, तो मी स्टँडवर जाऊन घ्यायचा. पाचव्या हप्त्यात नायिकेच्या काकांचं नाव बदललं. मी फोन केला तर म्हणाले, "आता काय करणार, आधीचा अंक घरोघरी गेलाय. पुढच्या हप्त्यात दुसरा काका आहे असं करतो." असा एक काका वाढला, आणि मग त्या काकांना काम द्यावं लागलं.

डिकन्सकडे हे काका पुष्कळ आहेत. सुरुवातीला नेलचा भाऊ फ्रेड ट्रेंट महत्त्वाचा वाटतो. आजोबांकडे पैसा आहे अशा समजुतीने तो आपला दोस्त डिक स्विव्हेलर याचं लग्न नेलशी लावायचा बेत करतो. वाचक त्या बेताची वाट बघत बसतो. बेत विरतो, फ्रेड गायब होतो आणि शेवटच्या प्रकरणात पॅरिसला बुडून मेला एवढं कळतं. उलट त्याच्या पुढेमागे करायला आणलेला डिक वाढत वाढत पुस्तकातला सगळ्यात जिवंत माणूस होतो. तळघरात उपाशी ठेवलेल्या एका मोलकरीण पोरीला तो 'मार्शनेस' नाव देतो. ती कुणाची मुलगी याचा उलगडा डिकन्सने लिहिला होता. सॅली ब्रास, म्हणजे तिची मालकीणच, तिची आई. प्रुफात तो मजकूर कापला गेला. छापील पुस्तकात फक्त सूचना उरली आहे.

आणि नेलचं भटकणं? आजोबा आणि नात लंडन सोडून पायी निघतात. वाटेत कठपुतळीवाले कॉडलिन आणि शॉर्ट भेटतात, मग एक गरीब मास्तर, मेणाच्या पुतळ्यांचं प्रदर्शन चालवणारी मिसेस जार्ली, कालव्यातल्या बोटीवरचे लोक, भट्टीपाशी रात्र काढणारा माणूस. साप्ताहिक चालवणाऱ्याला रस्त्यासारखी सोय नाही. दर आठवड्याला नवा माणूस मिळतो, तो आवडला तर पुढचे तीन आठवडे ठेवायचा, नाही आवडला तर दोघं पुढच्या गावाला निघाली. एकीकडे रस्ता, एकीकडे लंडन, असे दोन धागे ठेवल्यामुळे एक धागा अडला की दुसऱ्यावर उडी मारता येते. पाल्हाळ म्हणा हवं तर. पण कुठे जायचंय हे ठरलेलं नसताना चालत राहण्याची ती रीत होती. नेलचा मृत्यूसुद्धा सुरुवातीला ठरलेला नव्हता. मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर म्हणतो की गोष्ट निम्मी झाली असताना ही सूचना आपण केली.

तोडण्याबद्दल बोलायचं तर तिसाव्या प्रकरणाचा शेवट बघा. वादळी रात्र, दोघं एका खानावळीत मुक्कामाला. आजोबा पत्ते खेळून हरलेत. रात्री नेल जागी होते तर खोलीत एक आकृती गुडघ्यांवर रांगतेय, तिच्या कपड्यांतले पैसे चाचपून काढतेय. मग ती बाहेर जाते आणि नेल घाबरत मागोमाग. आकृती आजोबांच्या खोलीकडे वळते. नेलला वाटतं आता आजोबांच्या जिवाला धोका.

इथे तोडलं असतं तर फॉरवर्डवाले खरे ठरले असते. डिकन्स तोडत नाही. तो दार उघडून दाखवतो. बिछाना न विस्कटलेला, रिकामा, आणि टेबलाशी म्हातारा स्वतः हावरट डोळ्यांनी तिचेच पैसे मोजतोय. प्रकरण तिथे संपतं. कोण होतं हे कळलं, पण आता ही पोर ज्याच्यासाठी रस्त्यावर आली त्याच माणसापासून तिला वाचवायचं कुणी? उत्तर देऊन त्यातूनच मोठा प्रश्न उभा करायचा, ही त्याची युक्ती. आमच्या मालिकावाल्यांनी दार उघडण्याआधीच क्रमशः लिहायचं तेवढं उचललं.

'क्लिफहँगर' या शब्दाचं झटकन सांगतो. तो अमेरिकेत 1930 च्या दशकात सिनेमांच्या मालिकांसंदर्भात छापील वापरात आला, म्हणजे डिकन्स जाऊन साठेक वर्षं झाल्यावर. कड्याला लोंबकळणारा माणूस शोधायचाच तर टॉमस हार्डीच्या 'अ पेअर ऑफ ब्लू आइज'मध्ये सापडेल, आणि तीही मासिकात आली होती.

बंदराची गोष्ट मी स्वतः पूर्वी रंगवून सांगितली आहे, म्हणून जरा लाज वाटते. नंतरच्या पुस्तकांतून ती फिरते, पण त्या दिवसाचा दाखला कुणी पुढे ठेवत नाही. त्यातला खरा भाग छोटा आणि जास्त बोलका आहे. नोव्हेंबर 1840 मध्ये डिकन्सने प्रकाशकांना कळवलं होतं की नेलला जीवदान द्या अशा विनवण्यांच्या पत्रांचा मारा चालू आहे. म्हणजे लोक आधीच ओळखून होते. 6 फेब्रुवारी 1841 ला कादंबरी संपली तोवर खप लाखावर गेला होता.

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिक चालवलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात क्रमशः दिली. ते शब्द मोजत होते असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. साहेबाबद्दल मात्र काहीही चालतं.

भाचीला मी पहिली तीन प्रकरणं वाचायला लावली. दुसऱ्या दिवशी तिचा प्रश्न, "मामा, मग तो म्हातारा परत येतो का?"

येतो, आणि तेच सगळ्यात गमतीचं आहे. पुस्तकाच्या मध्यावर नेल आणि आजोबांचा शोध घेणारा एक 'सिंगल जंटलमन' उगवतो. तो आजोबांचा धाकटा भाऊ निघतो. कादंबरी संपल्यावर साप्ताहिकात मास्टर हम्फ्री मित्रांना सांगतो की तो सिंगल जंटलमन मीच. पण पहिल्या प्रकरणात हाच हम्फ्री त्या आजोबांच्या दुकानात जातो, त्यांच्याशी समोरासमोर बोलतो, आणि दोन्ही सख्खे भाऊ एकमेकांना ओळखत नाहीत.

"काका वाढला," भाची म्हणाली, आणि असाइनमेंटचा पहिला परिच्छेद खोडला.